काँप्रेसरचं गणित: उत्तर ६३.८ किलोवॅट की ९७.२? चिन्ह नेमकं कुठे फिरतं?

ईशान_मेक | रात्री ९:१२

थर्मोच्या सरावातलं एक गणित आहे. पाण्याने थंड होणारा हवेचा काँप्रेसर, सेकंदाला ०.४ किलो हवा खेचतो. आत येणारी हवा १ बार निरपेक्ष दाबाची, २७ अंशांची. बाहेर जाताना डिलिव्हरी लाईनचा गेज ६ बार दाखवतो, तापमान २२७ अंश. हवेचा वेग आत येताना ८ मीटर प्रति सेकंद, बाहेर पडताना २५. आउटलेट इनलेटपेक्षा २ मीटर उंच. जॅकेटमधून मिनिटाला ३० लिटर पाणी जातं, २८ अंशांना शिरतं आणि ३६ अंशांना बाहेर येतं. वातावरणाचा दाब १ बार धरायचा. शाफ्टवर किती पॉवर द्यावी लागेल?

वर्गाच्या ग्रुपवर याची दोन उत्तरं फिरताहेत. एकात W = −63.8 kW, दुसऱ्यात W = −97.2 kW. दोन्हींत W वजा आहे, म्हणजे काम बाहेरून द्यावं लागतं हे दोघांनाही मान्य. फरक फक्त Q चा. पहिल्याचं म्हणणं असं की पाण्याने उष्णता घेतली, म्हणून Q अधिक. शिवाय थंड केलं की काँप्रेसरला काम कमी लागतं हे आपण शिकतोच, मग लहान आकडा पटतोही. नुसतं उत्तर बघून चूक कशी ओळखायची?

---

प्रतिमा_क | रात्री १०:०५

९७.२ बरोबर. पण कारण नीट बघू, कारण इथे चूक सूत्रात नाही, सूत्राच्या आधी झाली आहे.

"पाण्याने उष्णता घेतली" हे वाक्य खरं आहे, पण ते पाण्याबद्दलचं आहे. समीकरण मात्र हवेसाठी लिहिलंय. Q अधिक की वजा हे ठरायला आधी सीमा कुठे आखली ते सांगावं लागतं. म्हणून पहिली ओळ आकड्यांची नको, शब्दांची हवी: "सीमा सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून जाते, आत हवा, बाहेर जॅकेट. सीमेच्या आत येणारी उष्णता अधिक, सीमेबाहेर जाणारं काम अधिक." ही ओळ लिहिली की पाण्याकडे गेलेली उष्णता सीमेतून बाहेर गेली, म्हणून वजा. यात घासाघीस करायला जागाच राहत नाही.

या संकेताने स्थिर प्रवाहाचं समीकरण:

```
Q − W = m [ (h2 − h1) + (V2² − V1²)/2 + g(z2 − z1) ]
Q, W : kW      m : kg/s      कंस : kJ/kg
```

उजवीकडच्या कंसातली तिन्ही पदं एकाच युनिटमध्ये यायला हवीत. किलो प्रति सेकंदाला किलोज्यूल प्रति किलोने गुणलं की किलोवॅट मिळतात. त्यामुळे कंसात सगळं kJ/kg.

```
h2 − h1 = 1.005 kJ/(kg·K) × (500 − 300) K = 201.0 kJ/kg

(25² − 8²)/2 = (625 − 64)/2 = 280.5 m²/s²
             = 280.5 J/kg = 0.28 kJ/kg

9.81 × 2 = 19.6 m²/s² = 19.6 J/kg = 0.02 kJ/kg

कंस = 201.30 kJ/kg
m × कंस = 0.4 × 201.30 = 80.52 kW
```

मधल्या दोन ओळींवर बोट ठेवा. m²/s² म्हणजे J/kg, kJ/kg नव्हे. १००० ने भागायचं राहिलं तर कंस ५०१ च्या घरात जातो आणि शेवटी २१७ किलोवॅट येतात. ओळखायची खूण अशी की गतिज ऊर्जेचं पद १ kJ/kg व्हायला हवेला शून्यापासून सुमारे ४५ मीटर प्रति सेकंद वेग घ्यावा लागतो. इथे वेग २५ च्या वर जातच नाही, म्हणजे ते पद एकापेक्षा लहानच असणार.

आता पाणी. मिनिटाला ३० लिटर म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे ०.५ किलो.

```
पाण्याने घेतलेली उष्णता = 0.5 × 4.18 × (36 − 28) = 16.72 kW
हवेसाठी  Q = −16.72 kW

W = Q − 80.52 = −16.72 − 80.52 = −97.24 kW
```

वजा चिन्हाचा अर्थ काम सीमेच्या आत जातंय. म्हणून "शाफ्टवर ९७.२ किलोवॅट द्यावे लागतात" असं वाक्य लिहून उत्तर संपवा. वाक्यात "द्यावे लागतात" आलं की आकड्यापुढे परत वजा लावू नका, नाहीतर एकच गोष्ट दोनदा उलटते.

---

निरंजन७ | रात्री १०:३१

पण सिलिंडर बंद असताना हवा दाबली जाते ना? मग ΔU घ्यायला हवा. Cv ०.७१८ धरला तर ०.७१८ × २०० = १४३.६ kJ/kg. एन्थाल्पी इथे कशाला?

---

प्रतिमा_क | रात्री १०:४४

निरंजन, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतानाचा एक स्ट्रोक विचारला असता तर तुमचं बरोबर होतं. इथे सेकंदाला ०.४ किलो हवा आत-बाहेर होते आहे, आणि शाफ्टला नुसतं दाबण्याचं नाही, तर हवा आत घेऊन ७ बारच्या लाईनमध्ये ढकलून देण्याचंही काम करावं लागतं. ते pv चं पद. आदर्श वायूसाठी त्याचा फरक ०.२८७ × २०० = ५७.४ kJ/kg. १४३.६ मध्ये ५७.४ मिळवा, २०१.० येतात. एन्थाल्पीत हे आधीच धरलेलं आहे. म्हणून Δu घेऊन pv विसरणं चूक, आणि Δh घेऊन pv पुन्हा मिळवणं हीसुद्धा तितकीच चूक. दुसरी चूक उत्तरपत्रिकांत जास्त दिसते.

---

रसायनवाला | रात्री ११:०२

या सगळ्या गोंधळाचं मूळ अकरावी-बारावीत आहे. फिजिक्समध्ये Q = ΔU + W आणि केमिस्ट्रीत ΔU = Q + W. केमिस्ट्रीच्या संकेतात सिस्टीमवर केलेलं काम अधिक असतं. तो वापरला तर उत्तर सरळ +९७.२४ येतं, वजाबिजा काही नाही. सोपा उपाय म्हणजे कुठल्याही संकेताने सोडवा आणि दुसऱ्यात न्यायचं असेल तेव्हा सगळी चिन्हं उलटी करा.

---

प्रतिमा_क | रात्री ११:२०

पहिला अर्धा भाग पूर्ण बरोबर. "सगळी चिन्हं उलटी करा" हे मात्र करू नका. दोन्ही संकेतांत Q चं चिन्ह तेच राहतं: आत येणारी उष्णता अधिक. बदलतो फक्त W. केमिस्ट्रीच्या पद्धतीने हेच गणित:

```
Q + W = m × कंस
−16.72 + W = 80.52
W = +97.24 kW
```

यात Q सुद्धा उलटा करून +16.72 लिहिलात तर W = 63.80. ईशानच्या ग्रुपवरचा आकडा हाच आहे. म्हणजे या चुकीला दोन वाटा आहेत: एक पाण्याच्या बाजूने Q लिहिणं, दुसरी संकेत बदलताना Q ला हात लावणं.

इंजिनिअरिंगचा संकेत इंजिनांकडे बघून ठरला. इंजिनात उष्णता आत जाते, काम बाहेर येतं, आणि दोन्ही अधिक असले की हिशोब सोयीचा जातो. रसायनात सगळं सिस्टीमच्या नजरेने बघतात, म्हणून आत येणारं ते सगळं अधिक.

---

रसायनवाला | रात्री ११:२७

Q चं मान्य. पण मग इंजिनिअरिंगनेही सिस्टीमचाच संकेत का घेऊ नये? मुलांनी दोन-दोन समीकरणं का पाठ करायची? IUPAC ची शिफारसही तीच आहे.

---

प्रतिमा_क | रात्री ११:३५

टर्बाइन शिकवताना प्रत्येक उत्तर वजा येईल, म्हणून. यावर आमच्या विभागातसुद्धा एकमत नाही. माझा आग्रह इतकाच की पानाच्या वर संकेत लिहिलेला असावा.

---

ईशान_मेक | सकाळी ७:५०

सीमेचं कळलं. पण एक गोष्ट अजून टोचते. थंड केल्याने काम वाचतं हे तर खरं आहे. मग या समीकरणात १६.७२ कामात मिळवला का जातो? जितकं जास्त थंड करू तितकं काम जास्त, असं समीकरण म्हणतंय.

---

प्रतिमा_क | सकाळी ८:४०

हाच या गणितातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि ६३.८ वाल्यांचा पाय घसरतो तो इथेच.

समीकरण "जास्त थंड करा म्हणजे जास्त काम लागेल" असं म्हणत नाही. २२७ अंश हे मोजलेलं तापमान आहे. थंड करण्याचा जो काही फायदा व्हायचा तो त्या आकड्यात आधीच उतरलेला आहे. जॅकेटचं पाणी बंद केलंत तर आउटलेटचं तापमान २२७ वर थांबणार नाही, वर चढेल, आणि Δh वाढेल. Q वजाकडून शून्याकडे सरकेल तसा Δh मोठा होत जाईल, आणि एकूण काम जास्त भरेल.

समीकरण विचारतंय ते वेगळं आहे. हवा ८०.५२ किलोवॅट जास्त ऊर्जा घेऊन बाहेर पडली. वाटेत १६.७२ किलोवॅट पाण्याकडे गेले. हे दोन्ही आले कुठून? शाफ्टशिवाय दुसरी वाट नाही, म्हणून बेरीज. काम वाचलं की नाही हे ठरवायचं तर दोन वेगळ्या यंत्रावस्थांची तुलना लागते, आणि त्यासाठी दुसऱ्या अवस्थेचं आउटलेट तापमानही माहीत हवं. एका अवस्थेच्या ताळेबंदात ती तुलना घुसवली की चिन्ह फिरतं.

अजून शंका असेल तर सीमाच मोठी करा. जॅकेट आणि पाणी दोन्ही आत घ्या. आता भिंतीतून जाणारी उष्णता सीमेच्या आतच राहते, म्हणून Q = 0. त्याऐवजी दोन प्रवाह आहेत, हवा आणि पाणी:

```
0 − W = 0.4 × 201.30 + 0.5 × 4.18 × 8
−W    = 80.52 + 16.72
W     = −97.24 kW
```

इथे Q चं चिन्ह ठरवायची वेळच आली नाही. पाणी गरम होऊन बाहेर पडलं, म्हणून त्याचं पद हवेच्या पदासारखंच अधिक. परीक्षेत दोन मिनिटं उरली तर ताळा करायला ही चांगली वाट आहे.

---

तेजू | सकाळी ९:१५

ईशानने सुरुवातीला विचारलं होतं की नुसत्या उत्तरावरून चूक कशी ओळखायची. समतापी कामाशी ताडून बघा. २७ अंशांवर एवढा दाब वाढवायला लागणारं कमीत कमी काम RT ln(p2/p1). तेवढ्यापेक्षा कमी काम कुठलाच काँप्रेसर करू शकत नाही, कारण २७ अंशांची हवा घेऊन, २७ अंशांच्या परिसरात उष्णता सोडत, हा दाब गाठायचा तो सर्वात स्वस्त मार्ग आहे.

पण माझ्या हिशोबात हे ६१.७ किलोवॅट येतं. मग ६३.८ अशक्य आहे असं म्हणता येत नाही. कुठे राहिलं?

---

प्रतिमा_क | सकाळी ९:३३

कसोटी अगदी योग्य. दाबाचं गुणोत्तर किती घेतलंत?

---

तेजू | सकाळी ९:३६

६ भागिले १.

---

प्रतिमा_क | सकाळी ९:५८

६ बार हा गेजवरचा आकडा आहे. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, इनलेटचा १ बार मात्र निरपेक्ष दिलाय. आउटलेटचा निरपेक्ष दाब ६ + १ = ७ बार.

```
गेजचा दाब तसाच घेतला तर:
0.287 × 300 × ln 6 = 154.3 kJ/kg   →  × 0.4 = 61.7 kW

निरपेक्ष दाब घेतला तर:
0.287 × 300 × ln 7 = 167.5 kJ/kg   →  × 0.4 = 67.0 kW
```

आता ६३.८ हे ६७.० च्या खाली गेलं. म्हणजे ते उत्तर नुसतं चूक नाही, अशक्य आहे. ९७.२ मात्र ६७ च्या वर आहे आणि ६७ ला ९७.२ ने भागलं तर ६९ टक्के येतात. पाण्याच्या जॅकेटच्या काँप्रेसरला हा आकडा शोभतो.

या गणितात दाबाची चूक लपून राहते, कारण मुख्य समीकरणात दाब येतच नाही. आदर्श हवेची Δh फक्त तापमानावर ठरते. त्यामुळे गेजचे ६ घेतले तरी ९७.२ तेच येतं, आणि चूक पहिल्यांदा डोकं वर काढते ती ताळा करताना. तिथे ती चिन्हाच्या चुकीला पाठीशी घालते.

तापमानाचंही असंच. २२७ वजा २७ अंश सेल्सिअसमध्ये केलं काय, ५०० वजा ३०० केल्विनमध्ये केलं काय, फरक २०० च. पण RT मध्ये T एकटा येतो, तिथे २७ घातले तर सगळंच कोसळतं.

---

शॉपफ्लोअर | दुपारी १:२०

गणित ठीक, पण एका स्टेजमध्ये ७ बार आणि २२७ अंश हे ल्युब्रिकेटेड पिस्टन काँप्रेसरला फार गरम आहे. डिलिव्हरी व्हॉल्व्हवर तेल जळून कार्बन धरतो. प्रत्यक्षात एवढ्या दाबाला दोन स्टेज आणि मध्ये इंटरकूलर लावतात.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे ५५ किलोवॅटचं तेलाच्या इंजेक्शनचं स्क्रू मशीन आहे. हवा साधारण ०.१८ किलो प्रति सेकंद, गेजवर ७ बार. आत ३५ अंश, एअर-एंडमधून बाहेर ८५. तुमच्या सूत्रात घातलं तर ०.१८ × १.००५ × ५० म्हणजे ९ किलोवॅट येतात. मोटर तर जवळजवळ पूर्ण लोड खेचते. बाकीची पॉवर गेली कुठे?

---

प्रतिमा_क | दुपारी २:०५

तेजूचीच कसोटी लावा. ३०८ केल्विन, निरपेक्ष ८ बार: ०.२८७ × ३०८ × ln ८ = सुमारे १८४ kJ/kg, गुणिले ०.१८ म्हणजे ३३ किलोवॅट. ९ हे त्याच्या खूप खाली आहे, म्हणजे ताळेबंदात एखादा प्रवाह सुटलाय.

सुटलंय ते तेल. तुमच्या मशीनमध्ये हवा आणि तेल एकत्र ८५ अंशांना बाहेर पडतात. हवा थंड राहते ती तेलामुळेच, आणि उष्णतेचा मोठा वाटा तेल घेऊन जातं. एअर-एंडभोवती सीमा आखली तर त्यात तेलाचा प्रवाह गुणिले तेलाची विशिष्ट उष्णता गुणिले तेलाची तापमानवाढ हे पद अधिक म्हणून यायला हवं, जसं वर पाण्याचं आलं. तेलाचा प्रवाह माहीत नसेल तर ऑइल कूलरच्या बाजूने या. कूलर पाण्याचा असेल तर सोपं, पाण्याचा प्रवाह आणि तापमानवाढ मोजा. फॅनचा असेल तर हवेचा प्रवाह मोजणं कठीण जातं.

---

शॉपफ्लोअर | दुपारी २:३०

फॅनचाच आहे. तेलाच्या लाईनला फ्लो मीटर नाही, आणि तेलाचं इनलेट तापमानही पॅनलवर दिसत नाही.

मूळ गणिताबद्दल एक सांगतो. ६३.८ वर विश्वास ठेवून कुणी ७५ किलोवॅटची मोटर बसवली तर ती लोडवर घेतल्यावर थोड्याच वेळात ओव्हरलोड रिले ट्रिप करेल. ९७.२ ला ११० ची लागेल, आणि बेल्ट-बेअरिंगचा हिशोब धरला तर तीही भरत आलेली असेल.

---

तेजू | दुपारी ३:१०

बेअरिंगवरून आठवलं. पिस्टन रिंगच्या घर्षणाची उष्णतासुद्धा जॅकेटच्या पाण्यात जाते ना? मग ९७.२ हे हवेला मिळालेलं काम की शाफ्टचं? आणि सिलिंडरच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून खोलीत जाणारी उष्णता तर आपण धरलीच नाही.

---

प्रतिमा_क | दुपारी ४:२२

दोन्ही मुद्दे रास्त. पृष्ठभागावरून उष्णता जात असेल तर तीही सीमेबाहेर जाते, म्हणून Q आणखी वजा. समजा २ किलोवॅट गेले, तर Q = −18.72 आणि W = −99.24. गणितात ती दिलेली नाही, म्हणून शून्य धरली, आणि ते गृहीतक उत्तरात एका ओळीत लिहायला हवं.

घर्षणाचं जरा गुंतागुंतीचं आहे. रिंगचं घर्षण सिलिंडरच्या भिंतीवर होतं आणि ती उष्णता भिंतीतून थेट पाण्यात जाते. मी पहिल्या प्रतिसादात सीमा भिंतीच्या आतून आखली, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर १६.७२ पूर्ण हवेतून आले असं म्हणता येत नाही. मोठी सीमा घेतली, म्हणजे सिलिंडर, रिंग, जॅकेट सगळं आत, तर ९७.२४ हे त्या सीमेतून आत जाणारं काम ठरतं, पिस्टन रॉडपाशी मोजलेलं. क्रँकचे बेअरिंग आणि बेल्ट त्या सीमेच्या बाहेरच राहतात. त्यासाठी यांत्रिक कार्यक्षमता वेगळी लागते, ती इथे दिलेली नाही.

---

ईशान_मेक | संध्याकाळी ६:४०

म्हणजे गणितातला "शाफ्टवर" हा शब्द सैल वापरलाय?

---

प्रतिमा_क | संध्याकाळी ७:०५

हो, बहुतेक सरावगणितांत तो तसाच असतो. परीक्षेत घर्षण शून्य धरून ९७.२ लिहा.

---

निरंजन७ | रात्री ८:१५

अजून एक बघितलं. हवेच्या तक्त्यातून h घेतली तर ५०० केल्विनला ५०३.०२ आणि ३०० ला ३००.१९, फरक २०२.८३ kJ/kg. १.००५ ने २०१.० आले होते. म्हणजे cp स्थिर धरल्याने ०.४ × १.८३, साधारण ०.७ किलोवॅटचा फरक पडला. गतिज आणि उंचीची पदं मिळून ०.१२ किलोवॅट होती, म्हणजे त्यांच्या सहापट. मग ती पदं काढायची तसदी घ्यायची आणि cp मात्र स्थिर धरायचा, हे विसंगत नाही का?

---

प्रतिमा_क | रात्री ८:५०

अचूकतेच्या नजरेने विसंगतच आहे. ती पदं गणितात ठेवतात ती १००० ने भागायची सवय तपासायला. खऱ्या कामात मी तक्ता वापरेन आणि ती दोन पदं गाळेन, पण गाळण्यापूर्वी एकदा किती येतात ते बघून. नोझल असेल तर तीच गतिज ऊर्जा सगळ्यात मोठं पद होऊन बसते.

---

रसायनवाला | रात्री ९:१०

नोझलसाठी वेगळा धागा काढा कुणीतरी. तिथे W शून्य, Q जवळजवळ शून्य, आणि तरी Δh वजा येतो हे बघून मुलं बिचकतात. संकेताचा वाद तिथे पुढे चालवू.